किलो, क्विंटल आणि कट्टे एकाच रकान्यात: बेरीज मारण्याआधी

प्रश्न: आमची छोटी डाळमिल आहे. चार पुरवठादारांकडून तुरीच्या एक्सेल फाइल येतात, त्या मी पॉवर क्वेरीत एकत्र करतो. एक जण किलोत देतो, एक क्विंटलमध्ये, उरलेले दोघं एकक लिहीतच नाहीत. वजनाच्या रकान्याची नुसती बेरीज ६,४०६.२५ येते. मग १,००० च्या आतले आकडे क्विंटल धरून १०० ने गुणले, तर एकूण २२८.६५ क्विंटल झाले. आमच्या काट्यावर मात्र बारदान वजा जाता १८१ क्विंटल भरले. ४७ क्विंटल तूर कुठून आली?

```
Supplier  Qty    Unit  Rate   Amount
A         6240   KGS   74.20  463008.00
B         58.75  QTL   7380   433575.00
C         12.5         7410    89290.50
D         95           7350   349125.00
```

उत्तर:

तूर कुठूनच आली नाही. C आणि D या दोन ओळींत ती कागदावर वाढली आहे. दोन्हीकडे कारण वेगळं आहे, आणि सुदैवाने दोन्ही कारणं तुमच्या याच तक्त्यात दिसतात.

आधी तुमच्या १,००० च्या नियमाबद्दल. हा नियम मीही सुरुवातीला वापरला आहे, आणि ज्याच्या हाती अशा फाइली पडतात तो प्रत्येक जण कधी ना कधी वापरतो. अडचण अशी की वजनाचा आकडा स्वतःबद्दल काहीच सांगत नाही. एका शेतकऱ्याचा ९५ किलोचा वाटा असतो, तसाच एका ट्रकचा ९५ क्विंटल माल असतो. ९५ कट्टेही असतातच. एकाच मालाची वजनं दिवसागणिक शंभरपट कमीजास्त होणं अगदी रोजचं आहे. भावाचं तसं होत नाही. तुरीचा भाव हंगामात चढला-उतरला तरी ७० रुपये किलोची तूर ७,००० रुपये किलो होत नाही. म्हणून ७४.२० दिसला की तो किलोचा भाव आणि ७,३८० दिसला की तो क्विंटलचा, हे डोळे झाकून सांगता येतं. एकक शोधायचं असेल तर वजनाकडे नव्हे, भावाकडे पाहायचं.

पण भावावरून फक्त भावाचंच एकक कळतं, वजनाचं नाही. बाजार समितीत भाव क्विंटलने बोलतात, सरकारचा हमीभावही क्विंटललाच जाहीर होतो. पण त्याच पावतीवर माल कट्ट्यांत मोजलेला असू शकतो. त्यामुळे पुढची पायरी अशी: रकमेला भावाने भागायचं. येणारा भागाकार म्हणजे ज्या वजनाचे पैसे लावले ते वजन, आणि ते भावाच्याच एककात येतं.

आता तुमच्या चार ओळी अशा करून पाहू. A मध्ये ४,६३,००८ भागिले ७४.२० म्हणजे ६,२४०. भाव किलोचा, म्हणून ६,२४० किलो. वजनाच्या रकान्यातही हेच आहे, ओळ बरोबर. B मध्ये ४,३३,५७५ भागिले ७,३८० म्हणजे ५८.७५ क्विंटल. तीही बरोबर.

D मध्ये ३,४९,१२५ भागिले ७,३५० केले की ४७.५ येतात. भाव क्विंटलचा, म्हणजे माल ४७.५ क्विंटल, आणि रकान्यात आकडा आहे ९५. बरोबर दुप्पट. ४,७५० किलो भागिले ९५ म्हणजे ५० किलो. हे ९५ कट्टे आहेत, ५० किलो भरतीचे. तुम्ही त्यांना क्विंटल समजून ९,५०० किलो धरलेत, म्हणून ४,७५० किलो इथेच वाढले.

आणखी ४५ किलो वाढले आहेत. ते C मध्ये आहेत, आणि ही ओळ मला D पेक्षा जास्त धोक्याची वाटते, कारण इथे एकक तुम्ही बरोबर ओळखलं होतं. ८९,२९०.५० भागिले ७,४१० म्हणजे १२.०५. रकान्यात आहे १२.५. C कडचा माणूस वहीत वजन ‘क्विंटल-किलो’ असं लिहीत असणार: १२-५, म्हणजे १२ क्विंटल ५ किलो. फाइल भरताना त्याने आडव्या रेघेच्या जागी टिंब दिलं. त्याच्या दृष्टीने काहीच बदललं नाही, पण एक्सेलच्या दृष्टीने १२ क्विंटल ५० किलो झाले. ही चूक सुट्या किलोंचा आकडा १ ते ९ असेल तेव्हाच होते. १२-१० चं १२.१० झालं आणि एक्सेलने ते १२.१ दाखवलं, तरी वजन १,२१० किलोच राहतं. त्यामुळे बहुतेक ओळी जुळतात, अधूनमधून एखादी थोडीशी चुकते, आणि ‘काट्यातला फरक असेल’ म्हणून ती सोडून दिली जाते.

दुरुस्त बेरीज अशी: ६,२४० + ५,८७५ + १,२०५ + ४,७५० = १८,०७० किलो, म्हणजे १८०.७० क्विंटल. तुमच्या काट्याने १८१ सांगितले. ३० किलोंचा हा फरक चार गाड्यांच्या भरलेल्या आणि रिकाम्या अशा आठ वजनांत सहज निघतो. भुईकाटा अशा वेळी पाच-दहा किलोंच्या टप्प्यानेच वजन दाखवतो, त्यामुळे याच्या मागे लागू नका.

आता C ला फोन करून वहीत नेमकं काय लिहिलं आहे ते विचारा, D कडून कट्ट्याची भरती खात्री करून घ्या. भागाकाराने उत्तर मिळालं तरी दुसऱ्याच्या फाइलमधला आकडा त्याला न विचारता बदलू नये. आणि C ला पुढच्या वेळेपासून दोन रकाने द्यायला सांगा, एक क्विंटलचा आणि एक किलोचा. त्यांना टिंबाचं गणित समजावण्यापेक्षा हे सोपं पडतं. तेही वहीत तसंच लिहितात.

त्यांनी आडवी रेघ तशीच ठेवली असती तर बरं झालं असतं का? मुळीच नाही. एक्सेलच्या साध्या खान्यात `12-05` टाइप केलं की त्याची तारीख होते, आपल्याकडच्या सेटिंगमध्ये १२ मे. तारीख आत साठवली जाते ती दिवसांच्या आकड्याने. १२ मे २०२५ चा आकडा ४५,७८९ आहे. रकाना पुन्हा ‘नंबर’ केला की बारा क्विंटलच्या जागी पंचेचाळीस हजार उभे राहतात. हे निदान डोळ्यांत तरी भरतं. `25-40` ची तारीख होऊ शकत नाही, म्हणून तो मजकूरच राहतो, आणि `SUM` मजकुराकडे न बोलता दुर्लक्ष करतो. तो माल बेरजेतून गायब, आणि पडद्यावर कसलीही खूण नाही.

आता ही पद्धत रोजच्या फाइलींसाठी कशी बसवायची ते सांगतो.

पहिली गोष्ट, `Qty` आणि `Unit` या मूळ रकान्यांना हात लावायचा नाही. बदललेलं वजन नव्या रकान्यात, समजा `Kg` मध्ये. ही अट मी एका प्रसंगानंतर घालून घेतली. आमच्याकडे एकाने क्विंटलचे किलो करणारा मॅक्रो त्याच रकान्यावर चालवला, फाइल सेव्ह केली, आणि जेवणानंतर दुसऱ्याने तोच मॅक्रो पुन्हा चालवला. गोदामात मावणारच नाही एवढा साठा अहवालात दिसला तेव्हा आम्ही थांबलो. ओळी थोड्या असत्या आणि आकडे लहान असते तर तो अहवाल पुढे गेला असता. मूळ रकाना शाबूत असेल तर सूत्र कितीदाही चालवा, उत्तर तेच येतं.

दुसरी गोष्ट, गुणकांचा एक वेगळा तक्ता. त्यात नुसतं एकक नको, पुरवठादार आणि एकक अशी जोडी हवी:

```
Key     KgPerUnit
A|KGS   1
B|QTL   100
C|QTL   100
D|BAG   50
```

जोडी का, ते कट्ट्यावरून कळलंच असेल. D चा कट्टा ५० किलोंचा, उद्याच्या नव्या पुरवठादाराचा ६० चा असू शकतो. मणाचं तर विचारूच नका. गुजरातच्या बाजारात भाव २० किलोंच्या मणाने चालतो, उत्तरेत मण म्हणजे ४० किलो धरणारे भेटतात, आणि जुना चाळीस शेरी मण साधारण ३७.३२ किलोंचा. कापसाच्या व्यवहारात खंडी आली तर ती रुईची, ३५६ किलोंची. क्विंटल मात्र आपल्याकडे सगळीकडे १०० किलोच. टनही इथल्या बिलांत १,००० किलोंचाच असतो, पण तो कधी `MTS`, कधी `TON` असा लिहिलेला येतो. जीएसटीच्या एककांच्या यादीत हे दोन्ही संकेत आहेत, `KGS`, `QTL` आणि `BAG` सुद्धा आहेत. पुरवठादारांना हेच संकेत वापरायला सांगितलं तर त्यांना वेगळं काही शिकावं लागत नाही, बिलात ते असतातच.

तक्ता तयार झाला की सूत्र एवढंच:

```
=[@Qty]*XLOOKUP([@Supplier]&"|"&[@Unit], Units[Key], Units[KgPerUnit])
```

जोडी तक्त्यात सापडली नाही की इथे `#N/A` येतो, आणि खालच्या `SUM` लाही `#N/A` येतो. पुष्कळांना हे कुरूप दिसतं, म्हणून ते `XLOOKUP` ला `IFERROR` गुंडाळून शेवटी 1 किंवा 0 लिहितात. असं करू नका. 1 लिहिलं की अनोळखी एककाचा माल किलो समजला जातो, 0 लिहिलं की तो माल नाहीसाच होतो. एकक माहीत नसेल तर बेरीज येऊ नये, हेच आपल्याला हवं आहे. तुमच्या C आणि D च्या रिकाम्या एककांना या सूत्राने पहिल्याच दिवशी अडवलं असतं.

तुम्ही पॉवर क्वेरी वापरता, तिथे हा अडसर आपोआप मिळत नाही. गुणकांचा तक्ता ‘लेफ्ट आउटर’ पद्धतीने जोडला आणि जोडी मिळाली नाही, तर गुणक `null` येतो, गुणाकारही `null`, आणि `List.Sum` ते `null` सोडून उरलेल्यांची बेरीज देते. बेरीज नीट दिसते, पण कमी असते. म्हणून जोडणी झाल्यावर गुणक `null` असलेल्या ओळी वेगळ्या शीटवर काढा, आणि ते शीट रिकामं असेल तरच पुढे जा. शिवाय पॉवर क्वेरीला `Qtl` आणि `QTL` वेगळे वाटतात, मागे चुकून राहिलेली मोकळी जागाही चालत नाही. जोडण्याआधी एककावर `Text.Trim` आणि `Text.Upper` चालवून घ्या. उलटही एक होतं: गुणकांच्या तक्त्यात एकच जोडी चुकून दोनदा लिहिली गेली, तर त्या पुरवठादाराची प्रत्येक ओळ दुप्पट होते. जोडण्यापूर्वी आणि जोडल्यानंतर ओळी मोजायची सवय लावा.

D चं रिकामं एकक भरताना एक मोह होईल: तक्त्यात `D|` अशी रिकाम्या एककाची जोडी लिहून तिच्यासमोर ५० टाकायचा. आज चालेल. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडचा नवा माणूस एकक न लिहिता किलोत वजन देईल, आणि तुमचा तक्ता मुकाट्याने ५० ने गुणेल. त्यापेक्षा प्रत्येक फाइलला विचारून एकक भरा, आणि कुणी, कधी सांगितलं ते शेजारी लिहून ठेवा.

कधी कधी एकक रिकामं नसतंच, फक्त आपल्यापर्यंत पोचत नाही. हिशेबाच्या काही सॉफ्टवेअरमधून काढलेल्या फाइलीत खान्यात ‘५८.७५ क्विंटल’ दिसतं, पण ‘क्विंटल’ हा शब्द खान्याच्या नंबर फॉरमॅटमध्ये असतो, आत नुसता आकडा. फॉरमॅट असा काहीसा दिसतो: `0.00" Qtl"`. पॉवर क्वेरी फक्त आतला आकडा उचलते आणि एकक मागेच राहतं. एकाच रकान्यात एका ओळीला क्विंटलचा आणि दुसरीला किलोचा फॉरमॅट असेल तर डोळ्यांना सगळं ठीक, आणि एकत्र केलेल्या तक्त्यात गोंधळ. अशी शंका आली की तो रकाना निवडून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे पडद्यावर दिसतं तसंच येतं, एककासकट. तिथून ते मजकूर म्हणून परत आणायचं आणि आकडा नि एकक वेगळे करायचे. फक्त लक्षात ठेवा, पडद्यावर दोनच दशांश दिसत असतील तर पेस्टही दोनच होतात.

तिसरी गोष्ट भावाची, आणि ती बहुतेक जण विसरतात. वजन किलोत आणलं पण भाव तसाच राहिला, तर सरासरी भाव निरर्थक होतो. तुमच्या `Rate` रकान्याची साधी सरासरी ५,५५३.५५ येते, या भावाने चौघांपैकी कुणीच तूर दिलेली नाही. वजनाचं एकक आणि भावाचं एकक हे दोन वेगळे रकाने ठेवा. D च्या ओळीत पहिलं `BAG` असेल आणि दुसरं `QTL`. मग सगळे भाव `RateQtl` या नव्या रकान्यात क्विंटलवर आणायचे: भाव गुणिले १००, भागिले भावाच्या एककातले किलो. A चे ७४.२० अशा रीतीने ७,४२० होतात. खरी सरासरी काढताना भावांची सरासरी काढायचीच नाही. एकूण रकमेला एकूण वजनाने भागायचं. तुमची रक्कम १३,३४,९९८.५०, वजन १८०.७० क्विंटल, म्हणून भाव पडला ७,३८७.९३ रुपये क्विंटल.

आणि मग शेवटचा रकाना, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप:

```
=[@Kg]/100*[@RateQtl]-[@Amount]
```

एकक बदललं तरी रक्कम बदलायला नको, म्हणून इथे शून्य यायला हवं; पैशांच्या गोळाबेरजेसाठी एक रुपयाची सूट द्या. C ची ओळ १२.५ क्विंटल धरून तपासली असती तर इथे ३,३३४.५० आले असते, आणि त्यांना ७,४१० ने भागलं की हरवलेले ०.४५ क्विंटल सापडतात. D ची ओळ क्विंटल धरून तपासली असती तर फरक थेट बिलाएवढाच, ३,४९,१२५. फरकाचं बिलाशी असलेलं प्रमाण पाहा, कारण ते बोलकं असतं. हिशेब बिलाच्या शंभरपट किंवा शंभरावा भाग आला तर किलो-क्विंटलची अदलाबदल, दुप्पट आला तर ५० किलोंचे कट्टे, दहापट किंवा दहावा भाग आला तर टन आणि क्विंटल.

ही तपासणी केव्हा फसते तेही सांगतो. रक्कम बिलावरची हवी. पुरवठादाराच्या फाइलमध्ये `Amount` हे त्याच चुकीच्या वजनावरून काढलेलं सूत्र असेल, तर फरक शून्यच येणार आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. खान्यावर क्लिक करून आत सूत्र आहे का ते बघा. रकमेत हमाली, तोलाई, आडत किंवा कर मिसळलेला असेल तर फरक थोडा पण सगळ्या ओळींत एकाच दिशेने येतो. तेव्हा त्याआधीची मालाची किंमत घ्या. आणि नुसतं डिलिव्हरी चलन असेल, रक्कमच नसेल, तर भागाकाराचा मार्ग बंद. तिथे काटा पावती मागायची. पावती येईपर्यंत ती ओळ बेरजेत धरायची नाही, खाली ‘एकक प्रलंबित’ म्हणून वेगळी दाखवायची.

फाइली एकत्र करताना प्रत्येकाच्या तळाशी असलेली ‘एकूण’ची ओळ गाळली आहे ना, तेही एकदा पाहून घ्या. ती मालाची ओळ म्हणून आत शिरली तर एकक, भाव, रक्कम सगळं जुळतं आणि माल दुप्पट होतो. तुमच्या या फाइलीत मात्र तसं काही झालेलं दिसत नाही.